दादाचे चार खण

आमच्या दवाखान्याच्या फोनवर दिवसभर फोटो येतात. कुत्र्यांचे, मांजरांचे, अधूनमधून एखाद्या सशाचा किंवा कासवाचा. खाली एक अक्षर नसतं. नमस्कार नाही, नाव नाही, प्रश्न नाही. जणू मी जनावरांची डॉक्टर नसून ज्योतिषी आहे आणि तोंड बघून भूत-भविष्य सगळं मीच सांगायचं. हीच माणसं स्वतःच्या सर्दीबद्दल अर्धा अर्धा तास बोलतात, पण कुत्र्याबद्दल सांगायची वेळ आली की नुसता फोटो टाकून गप्प बसतात.

या फोटोंना उत्तरं द्यायचं काम माझा मोठा भाऊ करतो. तो डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला जनावरांची फारशी आवडही नाही. कुत्रा जवळ आला की तो पाय वर घेतो. पण तो कामाला कसा लागला ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दादाने सगळी नोकरी टपाल कचेरीत केली. पत्रं वाटायला तो कधी गेला नाही, आत बसून पत्रं वेगळी करायचा. त्यातही त्याचं टेबल अर्धवट पत्त्यांचं. ज्या पाकिटावर नीट पत्ता नाही, अक्षर लागत नाही किंवा पावसात शाई पसरली आहे, ती सगळी दादाकडे यायची. ‘पाण्याच्या टाकीमागे, भांडखोर मावशींना मिळावे’ एवढ्यावर त्याने एक पत्र बरोबर पोचवलं होतं, असं तो सांगतो. पुष्कळदा सांगतो. समोर लाकडी खणांची मांडणी, आणि पाकीट हातात आलं की एक नजर टाकून योग्य खणात. पाकिटावर ‘पाठवणाऱ्याकडे परत’ असा शिक्का मारावा लागला तर त्या दिवशी घरी येऊन तो जेवायचा नाही. परत पाठवणं म्हणजे आपली हार, हे त्याच्या हाडीमाशी रुजलं होतं.

निवृत्त झाल्यावर तो घरी बसला आणि हात शिवशिवायला लागले. त्याने वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या अक्षरवारीने लावल्या. साखर आणि साबण शेजारी शेजारी आले. मग कपाट. मग शेजाऱ्यांच्या चपला. एक दिवस वहिनी माझ्या दवाखान्यात आली, कुत्र्यांच्या रांगेत आपला नंबर धरून बसली आणि नंबर आल्यावर आत येऊन म्हणाली, “तुझ्या भावाला इथे ठेवून घे. नाहीतर मला दाखल करून घे. पिंजरा कुठलाही चालेल.”

म्हणून दादा आला. काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसला, चष्मा पुसला आणि फोनमधले फोटो एकामागून एक बघितले. संध्याकाळी मला म्हणाला, “सोपं आहे. चार खण आहेत.”

फोनमध्ये निरोपांना रंगीत चिठ्ठ्या लावायची सोय असते, ती त्याने शोधून काढली होती. पिवळा खण जातीचा: हा कुठल्या जातीचा आहे हो, असं ज्यांना विचारायचंय ते. लाल खण दुखण्याचा. हिरवा गमतीचा, म्हणजे ज्यांना फक्त कौतुक हवंय, त्यांना एक चटपटीत ओळ लिहून पाठवायची. आणि निळा वळणाचा: चावतो, फाडतो, नको तिथे घाण करतो, त्याला शिस्त कशी लावायची.

“आणि कुठला फोटो कुठल्या खणातला हे तुला कसं कळणार?” मी विचारलं.

“पाकीट बघून पत्ता कळतो गं,” तो म्हणाला. “पिल्लू दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्यासमोर धरलंय, तर जात. जनावर अर्धंच आलंय आणि कान किंवा पंजा मोठा दिसतोय, तर दुखणं. डोक्यावर टोपी घातलीय, तर गंमत. फोटोत फाटलेली चप्पल आहे, तर वळण.”

मला हे कबूल करायलाच हवं की त्याचं बहुतेक वेळा बरोबर यायचं. दुखण्याचे फोटो तो लगेच माझ्याकडे आणायचा, बाकीचे स्वतः निभावायचा. जातींचं एक चित्रांचं पुस्तक त्याने पाठ केलं. वळणाबद्दल मी सांगितलेलं सगळं सोप्या शब्दांत लिहायचा. आणि गमतीच्या ओळी तर लोक पुन्हा पुन्हा मागायचे. एका लठ्ठ मांजरीच्या फोटोवर त्याने लिहिलं होतं, ‘डाएट उद्यापासून’. त्या बाईंनी ते चौकटीत लावलं.

पण अडायचं तेव्हा जबरदस्त अडायचं, कारण दादा विचारायचा नाही. कधीच नाही. “अरे, कळत नाही तर विचार ना, काय झालंय म्हणून!” मी ओरडायचे. तो शांतपणे म्हणायचा, “पत्राला विचारता येतं का?”

“पण हे पत्र नाही दादा! पाठवणारा तिकडे हातात फोन घेऊन जिवंत बसलाय!”

“विचारलं की परत पाठवल्यासारखं झालं,” तो म्हणायचा आणि चष्मा पुसायला लागायचा. यापुढे त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. पालथ्या घड्यावर पाणी.

घरीही तेच. वहिनीने कप जरा जोरात ठेवला की दादा मनाशी ठरवतो, हिचं डोकं दुखतंय. आणि उठून बाम आणून देतो. वहिनीचं म्हणणं असं, की लग्न झाल्यापासून तिचं डोकं एकदाही दुखलेलं नाही, आणि बामच्या बाटल्या किती संपल्या ते विचारू नये. “मी गप्प बसले की यांना वाटतं झोप आली. खिडकीत उभी राहिले की वाटतं गरम होतंय. यांचे माझ्यासाठीपण चार खण आहेत,” ती म्हणते. हसून म्हणते, पण मी काही आंधळी नाही.

तर चुका. पहिली मोठी चूक सोफ्याची. फोटोत चिंध्या झालेला सोफा आणि त्याच्या मधोमध, तोंडात कापूस धरून, एक तपकिरी कुत्रा. निळा खण, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. दादाने लांबलचक उत्तर लिहिलं: कुत्र्याला रोज भरपूर फिरवावं, चघळायला खेळणं द्यावं, एकटं सोडू नये, आणि आधी मालकांनी स्वतःला वळण लावावं. शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं. दुसऱ्या दिवशी मालक आला, तेव्हा बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला होता. त्याच्या कुत्र्याच्या मागच्या पायाचं हाड मी जोडलं होतं. कितीतरी दिवस तो कोपऱ्यातून उठला नव्हता, खात नव्हता. आणि काल तो आपल्या पायांनी उठून सोफ्यावर चढला आणि सोफा फाडला. “डॉक्टर, मी आनंदाने फोटो पाठवला हो,” तो म्हणाला. “आणि तुम्ही मला झापलंत.”

दादाने त्याची माफी मागितली. मागितली म्हणजे त्याने त्या फोटोची निळी चिठ्ठी काढून हिरवी लावली आणि त्याला दाखवली.

दुसरी चूक मात्र जिवावर बेतणारी. फोटो एका शिंप्याने पाठवलेला. पांढरा कुत्रा सरळ कॅमेऱ्याकडे बघतोय, पूर्ण चेहरा आलाय, ओठ जाड, गाल लोंबलेले, डोळे बारीक. दादाने पुस्तक उघडलं, पान काढलं आणि उत्तर दिलं: ‘सुंदर आहे. बुलडॉगचा अंश स्पष्ट दिसतो. चेहऱ्याच्या घड्या रोज पुसत जा.’

उत्तर लगेच आलं. ‘काल संध्याकाळपर्यंत हा गावठी होता.’

कुत्र्याने मधमाशी पकडली होती. मधमाशीने त्याला तोंडावर डंख मारला होता आणि सुजून तोंडाचा भोपळा झाला होता. दादा फोन घेऊन आत धावत आला आणि मी शिंप्याला तसाच बोलावून घेतलं. सुजेचं इंजेक्शन दिलं, श्वास नीट चाललाय ना ते बघत त्याला थोडा वेळ टेबलावरच ठेवलं. सूज गळ्याकडे उतरली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. दुपारपर्यंत बुलडॉग ओसरला आणि खालून गावठी वर आला. शिंपी हसत हसत घरी गेला. मी हसले नाही.

दवाखाना रिकामा झाल्यावर मी दादासमोर स्टूल ओढून बसले. “पुरे झालं. आता फोटो आला की फोनवरून आपोआप उत्तर जाईल. जातीसाठी एक, दुखण्यासाठी दोन, गमतीसाठी तीन, वळणासाठी चार. लोक आकडा पाठवतील. कंपाउंडर पुढचं बघेल.”

आमचा कंपाउंडर कोपऱ्यात सुया मोजत होता. त्याने मान वर केली नाही. त्याला माणसांशी बोलायला आवडत नाही, म्हणूनच तो जनावरांच्या दवाखान्यात आहे.

“मग मी काय करू?” दादाने विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण प्रश्न विचारला, आणि तो आणखीच कसनुसा झाला.

मी स्टूल मागे सरकवलं. तोच म्हणाला, “म्हणजे मला परत बरण्यांकडे पाठवणार तू.”

एक पत्र परत पाठवावं लागलं तरी जो माणूस जेवायचा नाही, त्याला परत पाठवायला निघाले होते मी. पण दुसऱ्या बाजूला तो सुजलेला कुत्रा होता, आणि एखाद्या दिवशी खरंच कुणाचा जीव जाईल ही भीती होती. मी म्हटलं, “दादा, एक संधी. आता एक जरी उत्तर चुकलं ना, तर फोन गेला समज. त्या दिवसापासून आकडे.”

त्याने मान हलवली. तेव्हापासून दादाचा दवाखान्यातला आवाजच गेला. फोन वाजला की तो दचकायचा. साध्या टोपीवाल्या कुत्र्याचा फोटोही उचलून माझ्याकडे आणायचा. “ही टोपीच आहे ना? डोक्याला आलेलं टेंगूळ नाही ना?” गमतीच्या ओळी बंद पडल्या. लठ्ठ मांजरीच्या बाईंनी नवा फोटो पाठवला तर त्यांना उत्तर गेलं, ‘मांजर दिसले. आभारी आहोत.’

त्यातच घरी काहीतरी बिनसलं होतं. दादा म्हणाला, “हिचं डोकं दोन दिवस दुखतंय.” मी म्हटलं, “बरं.” वहिनीचा जुना फोन नळाखाली गेला होता, तिने नवा घेतला होता, नंबरही नवा. तो लिहून घ्या, लिहून घ्या असं ती दोन दिवस सांगत होती आणि दादा, हो हो, म्हणत होता. हे मला नंतर कळलं. डोकं दुखण्याचं मूळ तिथे होतं.

त्या दिवशी सकाळपासून गर्दी होती. माझ्यासमोर टेबलावर एक ससा होता आणि त्याचे दात कापायचे होते. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, आणि दात कापताना ससा अंगात आल्यासारखं करतो. तेवढ्यात दादा दारात येऊन उभा राहिला. हातात फोन.

“नवीन नंबर आहे,” तो म्हणाला. “अक्षर नाही.”

“दादा, माझ्या हातात ससा आहे.”

“मांजर आहे. बोका असावा. मागून काढलाय फोटो. बेसिनमध्ये बसलाय.”

“मांजरं बसतात बेसिनमध्ये. गार लागतं.”

“तेच म्हणतो मी. गंमत. मी लिहिलं होतं, ‘साहेब स्नानगृहात आहेत, नंतर भेटा’. मग पुसलं.” तो फोन आणखी जवळ धरून बघायला लागला. “पण टोपी नाही. चप्पल नाही. कुठला अवयव मोठा नाही. तोंडच दिसत नाही, तर जात काय सांगू. आणि लोक बघ कसे राहतात गं! बेसिनच्या कडेला एक मग आहे, कान तुटलेला, आत ब्रश, आणि मगाला आत चांगला बोटभर गाळ. अशा घरात जनावर आजारी पडेल नाहीतर काय?”

“मग दुखणं म्हण.”

“पण मगावरून जनावराचं दुखणं कसं ठरवू?” तो काकुळतीला आला होता. “चुकलं तर तू फोन काढून घेशील.”

सशाने माझ्या बोटाला दात लावले. माझा तोल गेला. “दादा! विचार! त्या माणसाला विचार, नाहीतर बाहेर जा!”

तो बाहेर गेला. काउंटर माझ्या टेबलावरून दिसतं. दादा स्टुलावर बसला, फोन समोर ठेवला, हात मांडीवर ठेवले. वाटलं, देवाला कौल लावतोय. मग त्याने एका बोटाने, एकेक अक्षर दाबत, काहीतरी लिहिलं. पाठवायच्या आधी त्याने डोळे मिटले. खरंच मिटले, मी पाहिलं.

त्याने लिहिलं होतं, ‘फोटो मिळाला. काय झालंय?’

उत्तर आलं. दादाने वाचलं आणि त्याचा चेहरा असा झाला, की मी ससा त्याच्या मालकिणीच्या हातात दिला आणि बाहेर आले. फोनवर लिहिलं होतं, ‘अगंबाई. तुम्ही विचारलंत?’

आणि खाली, ‘घरचा बोका ओळखता येत नाही होय?’

दादाने फोटो पुन्हा उघडला. पांढरी पाठ, उजव्या बाजूला तपकिरी डाग. बेसिन. कान तुटलेला मग. त्याचा स्वतःचा मग, ज्यात तो गेली कित्येक वर्षं रोज सकाळी ब्रश ठेवतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. गावभरची मांजरं फोटोवरून ओळखणाऱ्या माणसाने घरचा बोका कधी पाठमोरा पाहिलाच नव्हता. बोका त्याच्याकडे फक्त खायला मागायला यायचा, समोरून.

बाकावर बसलेले दोन-तीन लोक कान टवकारून होते. एक कुत्राही.

“तुझी वहिनी आहे,” दादा पुटपुटला. “नवा नंबर.” तेवढ्यात तिसरा निरोप आला, लांब. वहिनी एकदा बोलायला लागली की तिला थांबवता येत नाही, फक्त तिला सुरुवात करून द्यावी लागते. ‘झालंय हे की तुमच्या या बोक्याला अजिबात वळण नाही. सकाळपासून बेसिनमध्ये जाऊन बसतो, उठतो, परत बसतो. दोनदा पायपुसण्यावर थेंब थेंब करून आला. मी ओरडले तर माझ्यावरच ओरडला. तुम्ही गावाला शिस्त शिकवता ना, जरा घरी येऊन याला शिकवा.’

“वळण,” दादा म्हणाला. त्याला हायसं वाटलं होतं, खण सापडला होता. “निळा.”

मी मात्र त्याच्या हातातून फोन घेतला आणि वहिनीला लावला. “वहिनी, थेंब थेंब म्हणजे किती? नीट धार लागतेय का त्याची?”

“धार कसली? बसतो नुसता. कुंथतो आणि उठतो.”

“खाल्लं का काही?”

“सकाळी तोंड लावलं नाही. मला वाटलं माझ्यावर रागावलाय. यांच्यावर गेलाय म्हटलं.”

“त्याला टोपलीत घाल, वरून टॉवेल टाक आणि असेल त्या गाडीने आत्ता निघ. पोटाला हात लावू नकोस, दाबू नकोस. आत्ता, वहिनी.”

दादा माझ्याकडे बघत होता. मी सांगितलं. बोक्यांची लघवीची नळी अरुंद असते. घरात बसून लठ्ठ झालेला, कोरडं खाणारा, पाणी कमी पिणारा बोका असला की कधी कधी त्यात बारीक खड्यांचं चिकट बूच बसतं. मग लघवी आतल्या आत तुंबते. बाहेरून दिसतं की शिस्त नाही, नको तिथे बसतोय, कुणाला गंमत वाटते. आणि एक-दोन दिवसांत विष अंगात भिनून बोका जातो.

“वाचेल?” दादाने विचारलं. हा त्या दिवसातला त्याचा दुसरा खरा प्रश्न. मी टेबल मोकळं करायला घेतलं.

वहिनी कपड्यांची टोपली घेऊन आली. शेजारीण गाडी चालवत होती, ती आत आलीच नाही, बोक्याचं ओरडणं तिला आणखी ऐकवत नव्हतं. मी बोक्याच्या पोटाला हळूच हात लावला. मूत्राशय दगडासारखं टणक लागलं. कंपाउंडरने न सांगता सलाईन लावायला घेतलं. बोक्याला गुंगी दिली, बारीक नळी घातली, खाऱ्या पाण्याने हलके हलके बूच मागे ढकललं. एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. कंपाउंडर माझ्याकडे बघायचं टाळत होता. आणि मग नळीतून लालसर धार लागली आणि ती थांबेचना. आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट मी क्वचित पाहिली असेल. जनावरांच्या डॉक्टरला आनंद कशाचा होईल, सांगता येत नाही.

मी बाहेर आले तेव्हा दादा आणि वहिनी बाकावर शेजारी शेजारी बसले होते. मध्ये रिकामी टोपली. काउंटरवर फोन एकसारखा वाजत होता, फोटोंवर फोटो येत होते, आणि दादा तिकडे बघतही नव्हता.

“वाचला,” मी म्हटलं. “दोन-तीन दिवस इथेच राहील, नळी ठेवावी लागेल. परत होऊ शकतं, जपावं लागेल. ओलं खाणं, भरपूर पाणी.”

वहिनीने पदर डोळ्यांना लावला. “मला वाटलं, खोडी काढतोय,” ती म्हणाली. “मी त्याला मारायला झाडू उचलला होता गं. आणि यांनी विचारलं नसतं ना, तर मी काही सांगितलं नसतं. फोटो पाठवला होता तो नुसता टोचायला. बघा, म्हटलं, तुम्हाला सगळं फोटोवरून कळतं ना, मग हे ओळखा. यांनी शिस्तीचं चार पानी उत्तर पाठवलं असतं आणि मी बोक्याला न्हाणीघरात कोंडून झोपले असते.”

मी दादाला सांगून टाकलं, कारण कुणीतरी सांगायलाच हवं होतं: त्याने निळा खण निवडला असता तर पत्र अगदी बरोबर पत्त्यावर गेलं असतं, वहिनीला तेच हवं होतं. आणि बोका मेला असता.

तो जमिनीकडे बघत राहिला. मग मान न वळवता वहिनीला म्हणाला, “तुझं डोकं दुखतंय?”

वहिनीने सुस्कारा सोडला. “नाही.”

“मग काय झालंय?”

वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं, की मी आत निघून गेले. दार लावून घेतलं. ती पुष्कळ वेळ बोलत होती. मध्ये एकदा ‘नंबर’ असं ऐकू आलं, एकदा ‘बाम’, आणि एकदा दोघंही हसल्यासारखं वाटलं. कंपाउंडर दाराला कान लावून होता. माणसांशी बोलायला आवडत नाही म्हणून ऐकायला आवडत नाही असं थोडंच आहे.

आकड्यांचं आपोआप उत्तर मी फोनमध्ये लिहून तयार ठेवलं होतं. संध्याकाळी पुसून टाकलं. दादाला मी सांगितलं नाही, पण त्याला कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा कप घेऊन आला आणि काउंटरवर ठेवला. पाचव्या रंगाची चिठ्ठी काढली, पांढरी. आता सगळं आधी पांढऱ्या खणात जातं.

नव्याची नवलाई असते, त्याने सुरुवातीला अतिरेक केला. एका गृहस्थांनी कुत्र्याला कधी, काय, कसं झालं हे सविस्तर, मुद्देसूद लिहून पाठवलं, सोबत तीन फोटो. त्यांना उत्तर गेलं, ‘फोटो मिळाले. काय झालंय?’ ते अजून आमच्यावर रागावलेले आहेत. शिंपी मुद्दाम रोज आपल्या कुत्र्याचा फोटो पाठवायचा, खाली ‘अजून गावठीच आहे’ असं लिहून. लठ्ठ मांजरीच्या बाईंना मात्र पुन्हा गमतीची ओळ मिळाली, विचारून झाल्यावर.

बोका घरी गेला. त्याला दादाने दवाखान्यात रोज समोरून, मागून आणि बाजूने नीट बघून घेतलं होतं. मगही बदलला.

मग एके दुपारी, लोक बाकावर बसलेले असताना, फोन वाजला. वहिनीचा नंबर, आता जतन केलेला. फोटोत दादाची घरातली खुर्ची आणि तिच्यावर तो बोका, पाय पसरून झोपलेला. खाली अक्षर नाही.

दादाने फोटो मोठा केला, बोक्याचं पोट बघितलं, पायपुसणं शोधलं. जात नाही. टोपी नाही. बोका शांत दिसत होता, पण आता शांत दिसण्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. त्याने लिहिलं, ‘काय झालंय?’

उत्तर आलं, ‘काही नाही. सहज पाठवला.’

दादाने ते दोनदा वाचलं. एकदा मनात, आणि एकदा मोठ्याने, सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं. मग त्याने चष्मा काढला, पुसला, फोन कंपाउंडरच्या हातात दिला आणि भरदुपारी घरी निघून गेला.